डाव्या हाताचा पुढारी

आमच्या नियंत्रण कक्षात तिला सगळे फलकताई म्हणायचे. बसथांब्यांवर दिव्यांचे फलक असतात, पुढची गाडी किती वाजता ते सांगणारे. त्या फलकांवर काय उमटायचं हे तिच्या हातात होतं. एखादी फेरी रद्द झाली, रस्ता खणला, कुठे जादा गाडी सोडली, की ड्रायव्हर मला वायरलेसवर कळवायचे, मी खुर्ची वळवून तिला सांगायचो आणि ती ते फलकांवर चढवायची. आमच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून होत्या. खोली आगाराच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीखाली गाड्या धुवायची जागा. दिवसभर पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज आणि त्यावर तिच्या बोटांची टकटक. इतक्या वर्षांत त्या टकटकीवरून मला कळायचं की बाईसाहेब आज खुशीत आहेत की कुणावर तरी उखडल्यात.

मूळची ती प्रोग्रामर. फायलीतली माहिती फलकांवर नेणारा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. प्रत्येक मार्गाची एक साधी फाइल, फाइलमध्ये प्रत्येक फेरीची एक ओळ. ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह टाकलं की ती फेरी रद्द. ओळीच्या शेवटी via=ring लिहिलं की गाडी बाहेरच्या वळणरस्त्याने जाणार. फाइल सेव्ह केली की मिनिटाच्या आत थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला नवी वेळ दिसते. चुकीचं सेव्ह केलं तर चुकीचंही तितक्याच तत्परतेने दिसतं, हे ती प्रत्येक नव्या माणसाला हसत हसत सांगायची. ऐकणारा मात्र हसायचा नाही.

या फायली ती व्हिम नावाच्या एडिटरमध्ये उघडायची. काळा पडदा, माउस नाही, मेनू नाही. व्हिममध्ये नेहमीच्या अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटत नाही, ती कळ म्हणजे एक हुकूम असतो. लिहायचं असेल तर आधी लिहिण्याच्या अवस्थेत जायचं, लिहून झालं की एस्केप दाबून बाहेर यायचं. मला हे सगळं म्हणजे घरात शिरण्यासाठी आधी अर्ज करण्यासारखं वाटायचं. ती मात्र त्यात पाण्यातल्या माशासारखी.

एके दिवशी ती घरच्या जिन्यावरून भरलेली बादली घेऊन उतरताना घसरली. बादली वाचली, उजवं मनगट मोडलं. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर. साहेबांनी फोनवर सांगितलं, आराम करा, आम्ही बघून घेऊ. बघून घेणारा म्हणजे मी. मी वायरलेसही सांभाळत होतो आणि फलकही, आणि थांब्यांवरची माणसं माझा उद्धार करत होती.

आठवडा उलटायच्या आत ती गळ्यात झोळी अडकवून दारात उभी.

"अगं, तू कशाला आलीस?" मी म्हटलं.

"घरी बसून काय करू? सासूबाई मला चमच्याने भरवायला निघाल्यात, आणि नवरा रोज सकाळी माझी वेणी घालतो. ही बघ." तिने मान वळवली. वेणी कसली, दोर होता, आणि तोही मधेच उसवलेला. "दुकानात चष्म्याच्या काचा इतक्या बारकाईने घासतो हा माणूस, पण तीन पेड म्हटले की घाबरतो. मी इथेच बरी."

ती कामाला बसली आणि तासाभरात टकटक थांबली. मी वळून बघितलं तर ती डावा हात मांडीवर ठेवून कीबोर्डकडे टक लावून बसली होती.

"अडलं काय?"

"दोन कळा एकदम दाबायच्या सगळ्या जागी अडलं," ती म्हणाली. "सेव्ह करायला आधी दोन टिंबांचा अपूर्णविराम लागतो, तो शिफ्ट धरूनच येतो. # लाही शिफ्ट. पान सरकवायला कंट्रोल धरायचा. एका हाताने म्हणजे प्रत्येक वेळी बोटांची कसरत. शिफ्ट दाबून सोडली तरी चालेल अशी सोय मशीनमध्ये असते, ती लावून बघितली. पण तरीही एक फेरी रद्द करायला जेवढ्या कळा लागायच्या तेवढ्या लागतातच. सकाळपासून एका मार्गाची फाइल झाली. एकाची!"

दुपारी डबा खाताना तिच्या डोक्यात चक्रं फिरत होती. डबा संपल्यावर तिने मला एक विचित्र काम दिलं. "मी फायलीत काय काय करते ते बघत राहा आणि मोठ्याने बोल. तुला समजलं नाही तरी चालेल, दिसतंय ते बोल." मग मी बोलत गेलो: ओळ रद्द. ओळ रद्द. रद्द केलेली पुन्हा चालू. वळणरस्ता. ओळ रद्द. ओळीची नक्कल. सेव्ह. पुढची फाइल. ओळ रद्द.

"बस," ती म्हणाली. "संपलं. दिवसभर मी एवढंच करते. मला वाटायचं मी फार वेगवेगळी कामं करते."

त्या संध्याकाळी तिने आपली व्हिमची सेटिंगची फाइल उघडली आणि लीडर कळ ठरवली. व्हिममध्ये एक कळ अशी नेमता येते, जिच्या मागोमाग दाबलेल्या अक्षराला आपण हवं ते काम नेमून देऊ शकतो. ती कळ एकटी काही करत नाही, फक्त पुढे उभी राहते. काम मागचं अक्षर करतं.

"म्हणजे आपला पुढारी," मी म्हटलं.

ती इतकी हसली की प्लास्टर धरून बसली. तेव्हापासून आमच्या खोलीत त्या कळेचं नाव पुढारी पडलं ते पडलंच. मूळची लीडर कळ उलटी तिरकी रेघ असते, कीबोर्डच्या उजव्या टोकाला, म्हणजे तिच्या उपयोगाची नाही. तिने स्पेसबारला पुढारी केलं, कारण तो डाव्या अंगठ्याखाली आयता येतो. अक्षरं निवडली ती सगळी डाव्या हाताच्या बाजूची. रद्दला r, वळणरस्त्याला v, चालू करायला c, जादा फेरीसाठी ओळीची नक्कल करायची तर d, सेव्हला s, पुढच्या फाइलला f. मुख्य म्हणजे यात काहीही धरून ठेवायचं नव्हतं. स्पेस दाबायचा, सोडायचा, मग अक्षर. एकामागून एक. एका हाताला तेवढंच जमतं आणि तेवढंच पुरतं.

रद्द करण्याची ओळ तिने मला दाखवली होती, ती मला अजून पाठ आहे:

nnoremap <leader>r I#<Esc>j

"हे बघ, nnoremap म्हणजे 'या कळांना पुढचं काम नेमून दे'. I म्हणजे ओळीच्या सुरुवातीला जाऊन लिहायला लाग. मग # लिही. मग एस्केप, बाहेर ये. मग j, खालच्या ओळीवर जा. एवढं सगळं आता स्पेस आणि r मध्ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोठ्या थाटात बसली, स्पेस दाबला, r दाबला, आणि काही झालं नाही. एस्केप दाबून पुन्हा तेच केलं. कर्सर नुसता एक घर पुढे सरकला. मी पाठ फिरवून वायरलेसवर बोलत असल्याचं नाटक केलं, कारण हसू आवरत नव्हतं. थोड्या वेळाने तिनेच कपाळावर हात मारून घेतला. पुढारी कोण हे सांगणारी ओळ तिने फाइलच्या अगदी शेवटी लिहिली होती. व्हिम वरून खाली वाचत येतं. वरच्या ओळी वाचताना नवा पुढारी नेमलेलाच नव्हता, म्हणून त्या सगळ्या जुन्या तिरक्या रेघेच्या पक्षात गेल्या. तिने ती ओळ उचलून सगळ्यात वर नेली, व्हिम बंद करून पुन्हा उघडलं, आणि स्पेस-r दाबताच ओळीपुढे # येऊन उभा राहिला.

आणखी एक चूक झाली ती जरा महागातली. रद्द फेरी पुन्हा चालू करायची म्हणजे # काढायचा. तिने सोपं लिहिलं होतं: ओळीच्या सुरुवातीला जा आणि पहिलं अक्षर खोड. एकदा तिने चुकून आधीच चालू असलेल्या फेरीवर स्पेस-c दाबला. तिथे # नव्हताच, त्यामुळे पहिलं अक्षर म्हणून आकडा खोडला गेला. २१४ नंबरची गाडी १४ झाली. एका थांब्यावर लोकांनी १४ नंबरची वाट बघितली, जी त्या बाजूला जातच नाही. माझ्याकडे ड्रायव्हरचा आवाज आला, "कंट्रोल, मी कोण आहे ते एकदा ठरवून सांगा." तिने लगेच आकडा दुरुस्त केला आणि मग तो हुकूमही बदलला: # असेल तरच काढ, नसेल तर गप्प खालच्या ओळीवर जा. "हाताने करताना मी बघून करते," ती म्हणाली. "हुकूम डोळे मिटून चालतो. म्हणून बघायचं काम त्याच्यातच घालावं लागतं."

पंधरवड्यात टकटक परत आली. वेगळी होती, ठक, टक, ठक, टक, अंगठा आणि बोट, अंगठा आणि बोट. पण कामाचा वेग तिच्या दोन हातांच्या वेगापेक्षा कमी राहिला नाही, मला तर जास्तच वाटला. साहेब एकदा मागे उभे राहून बघून गेले आणि जाताना नुसतं "वा" म्हणाले. साहेबांचा वा म्हणजे आमच्याकडे बक्षीस.

आता गियरकाकांचं सांगायला हवं. आमच्या खोलीच्या कोपऱ्यात चौकशीचा फोन होता, त्यावर काका बसायचे. आयुष्य बस चालवण्यात गेलं. मग अर्धांगवायूचा झटका आला, बोलणं सावरलं, पाय बऱ्यापैकी सावरला, उजवा हात नाही सावरला. खात्याने फोनवर बसवलं. फोनवर कुणाला रस्ता सांगताना काकांचा डावा हात आपोआप गियर बदलायचा, चढ आला की दुसरा, चौक ओलांडला की तिसरा, म्हणून गियरकाका. ते सगळ्या मार्गांवरून गाडी नेऊन आलेले, त्यामुळे फोन करणाऱ्याला थांबा तर सांगायचेच, वर उन्हाची बाजू कुठली तेही सांगायचे.

त्याच सुमारास वरून कळलं की चौकशीचा फोन आता ध्वनिमुद्रित आवाज घेणार. मार्गासाठी एक दाबा, वेळेसाठी दोन दाबा. काकांच्या खुर्चीचं काय, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना समजलं. काकांचा हात मात्र फोनवर बोलताना गियर बदलेनासा झाला.

फलकताईच्या ते लक्षात आलं. एका दुपारी तिने आपली खुर्ची सरकवली आणि हाक मारली, "काका, इकडे या जरा. बसा."

"मी? त्या काळ्या पडद्यासमोर?"

"बसा तर."

ती उठली आणि तिच्या खुर्चीत त्यांना बसवलं. खऱ्या फायलींच्या नकला करून तिने एका वेगळ्या ठिकाणी ठेवल्या होत्या, तिथे काहीही केलं तरी फलकांवर जाणार नव्हतं. "डावा अंगठा या लांब पट्टीवर. हा पुढारी. आधी तो, मग r. ही फेरी रद्द करून दाखवा."

काका पट्टीकडे बघून म्हणाले, "म्हणजे आधी क्लच, मग गियर."

"अगदी तसंच."

"क्लच धरून ठेवायचा?"

"नाही काका, दाबून सोडायचा. इथला क्लच धरावा लागत नाही, हीच तर गंमत आहे."

काकांनी स्पेस दाबला. मग मान वाकवून r शोधला. r सापडायला त्यांना वेळ लागला. दाबला. काही झालं नाही. पुन्हा स्पेस दाबला, पुन्हा r शोधला. मी वळून बघितलं तेव्हा पडद्यावर २१४ चं "२ ४" झालं होतं, मधला एक गायब.

"बघ," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "हा हात गाडीचाच होता. सोड पोरी. दुसऱ्याचं काम बिघडवायला नको."

"काका, तुमच्याकडून काही बिघडलेलं नाही."

"आकडा गेला की."

"गेला. पण का गेला ते मला बघू द्या. हात तुमचा आहे, गुन्हा कुणाचा आहे ते अजून ठरायचंय."

काका उठून फोनपाशी गेले. ती तिथेच बसली आणि तिने काकांसारखं करून बघितलं. स्पेस दाबला, थांबली, मग r दाबला. तिलाही तेच आलं. मग तिला उलगडलं आणि तिने मला ओरडूनच सांगितलं. व्हिम पुढारी कळेनंतर अक्षराची वाट फक्त एक सेकंद बघतं. तेवढ्यात अक्षर आलं नाही तर ते समजतं की हा नुसताच स्पेस होता, आणि कर्सर एक घर पुढे नेतं. नंतर आलेला r मग आपला नसतोच. तो व्हिमचा मूळचा r, आणि त्याचा अर्थ 'या अक्षराच्या जागी पुढचं जे दाबशील ते ठेव'. काकांनी पुढचा दाबला स्पेस. झाला आकड्याच्या जागी स्पेस. तिचा अंगठा आणि बोट सेकंदाच्या आत पडत होते म्हणून तिला हे कधी भेटलंच नव्हतं.

"म्हणजे काकांना एक सेकंद पुरत नाही, एवढीच गोष्ट आहे!" ती म्हणाली. "कोण ठरवतं रे हा सेकंद?"

तो सेकंद सेटिंगमध्ये ठरलेला असतो आणि तो बदलता येतो. मला वाटलं ती त्याचे तीन-चार सेकंद करेल. तिने तसं केलं नाही. "तीन केले तर काका त्या तिनाशी शर्यत लावतील," ती म्हणाली, आणि सेकंदच काढून टाकला. notimeout लिहिलं. आता पुढारी कळ दाबली की व्हिम पुढच्या अक्षरासाठी थांबणार, अक्षर येईपर्यंत थांबणार. विचार बदलला तर एस्केप. फक्त एस्केप कळ आळसावू नये म्हणून तिच्यासाठी वेगळी, छोटी मुदत ठेवली. आणि नुसत्या स्पेसने कर्सर हलायचा तोही बंद केला. मग सगळ्या हुकमांवरून नजर फिरवली, की एकाचं अक्षर दुसऱ्याची सुरुवात तर होत नाही ना. कारण r आणि rr असे दोन हुकूम असतील तर r नंतरही व्हिम दुसऱ्या r ची वाट बघत बसणार. तसं काही नव्हतं. प्रत्येक कामाला एकच अक्षर.

मग ती काकांच्या टेबलाशी गेली. "काका, चला. आता ते थांबतं."

"किती वेळ?"

"तुम्ही म्हणाल तेवढा. स्पेस दाबून चहा पिऊन या हवं तर."

काकांना ते खरं वाटलं नाही. ते बसले, स्पेस दाबला आणि मुद्दाम खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली एक गाडी धुऊन निघाली, दुसरी आत आली. काका परत येऊन बसले, r शोधला, दाबला. ओळीपुढे # आला आणि कर्सर खालच्या ओळीवर जाऊन उभा राहिला.

काकांनी त्या # कडे बघितलं. मग त्यांचा हात आपोआप स्पेसवर गेला.

पुढे रोज दुपारी ते नकलांवर सराव करायचे. चुकले की u दाबून मागे यायचं, हे त्यांना फार आवडलं. "गाडीला हे असतं तर," म्हणायचे. फलकताईने साहेबांना जाऊन सांगितलं की फलकांना दोन माणसं लागतात, एकच असली की काय होतं ते मनगट मोडल्यावर सगळ्यांनी बघितलंय, आणि दुसरा माणूस तयार आहे. साहेबांनी काकांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "फोन घेणं वेगळं आणि हे वेगळं, बाई. चुकलं तर अख्खं शहर उन्हात उभं राहतं."

"म्हणून तर म्हणते, परीक्षा घ्या."

साहेब माणूस सरळ. महिनाअखेर एक सकाळ काकांनी खऱ्या फायली सांभाळायच्या, ताई शेजारी बसेल, असं ठरलं. पण परीक्षेने तारखेची वाट बघितली नाही.

ज्या दिवशी ताईचं प्लास्टर काढायचं होतं त्या दिवशी ती सकाळी दवाखान्यात गेली होती. मी फलकही बघतो म्हणून सांगितलं होतं. सकाळच्या गर्दीत वायरलेस एकदम पेटला. नदीवरच्या पुलाच्या सांध्याला तडा दिसला होता, पोलिसांनी पूल बंद केला. पुलावरून आमचे निम्म्याहून जास्त मार्ग जातात. एकाच वेळी सगळे ड्रायव्हर माझ्याशी बोलू लागले. मला फलकांकडे बघायलासुद्धा मान वळवता येईना.

काका फोनवरून उठले, ताईच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तू नुसतं बोल. कुठली गाडी कुठे आहे ते सांग."

सगळ्यांना एकच हुकूम लावून चालणार नव्हतं. पुलाच्या अलीकडे असलेली गाडी वळणरस्त्याने जाऊ शकते, पण ती जास्त लांब असली तर त्या रस्त्यावरच्या बोगद्यात वळत नाही, ती रद्दच करावी लागते. हे काकांना सांगायची गरज नव्हती. मी नंबर आणि जागा सांगत होतो, आणि माझ्या पाठीमागून येत होतं ठक, मग थोडी शांतता, मग टक. ठक, टक. घाई नव्हती. बाकी अख्ख्या खोलीला घाई होती, त्या आवाजाला नव्हती. मधूनच स्पेस-s, आणि पुन्हा ठक.

ताई आली तेव्हा जिना चढून धापा टाकत होती. बातमी तिला रिक्षातच कळली होती. प्लास्टर निघालेला हात पांढरा, बारीक, कुणा दुसऱ्याचा वाटावा असा. ती दारातून थेट खुर्चीपर्यंत आली आणि काकांच्या मागे उभी राहिली. साहेबही धावत आले होते. ते म्हणाले, "बाई, बसा तुम्ही, लवकर."

ती बसली नाही. ती पडद्यावरच्या ओळी वरून खाली वाचत गेली. मग साहेबांना म्हणाली, "साहेब, माझा हात प्लास्टरमधून सुटून अर्धा तास झालाय. काकांचा चांगला चालतोय. मी शेजारी बसते."

आणि तिने खरंच स्टूल ओढून घेतलं. मी तिला ओळखतो. ती खुर्ची तिची, तो प्रोग्राम तिचा, सगळं शहर अडलेलं, आणि कीबोर्ड एक वीत अंतरावर. मला नसतं जमलं.

काका एका जागी अडले होते. काही गाड्यांना पुलाच्या अलीकडच्या चौकातूनच माघारी फिरवायचं होतं. त्यासाठी ओळीच्या शेवटी end=chowk असं लिहावं लागतं आणि त्यासाठी काही हुकूम नव्हता. प्रत्येक ओळीवर काका ते अक्षर अक्षर शोधून लिहीत होते.

"अशा किती आहेत, काका?"

"पुष्कळ. सगळ्या शाळेच्या बाजूच्या."

"थांबा. हे मी करू?" तिने विचारलं. काकांनी हात बाजूला घेतला. तिने आखडलेल्या बोटांनी, ओठ चावत, खालच्या पट्टीत एक ओळ टाइप केली:

:nnoremap <leader>a A end=chowk<Esc>j

एंटर दाबला आणि कीबोर्ड परत त्यांच्यापुढे सरकवला. "अलीकडून माघारी. a. लगेच चालेल, बंद करून उघडायला नको."

ठक, टक. ओळीच्या शेवटी end=chowk आलं आणि कर्सर खाली उतरला. काकांच्या तोंडून "आहाहा" निघालं. मग ते शाळेच्या बाजूच्या फायलींतून असे गेले, की साहेब मागे उभे राहून नुसते बघत राहिले. थोड्या वेळाने वायरलेसवरचा आरडाओरडा ओसरला. एका कंडक्टरने विचारलं, "कंट्रोल, फलक बरोबर दाखवताहेत. आज कोण बसलंय?"

मी म्हटलं, "गियरकाका."

पलीकडून खरखरीतून एक शिट्टी आली.

पूल आठवडाभर बंद राहिला. काकांना सकाळच्या पाळीची फलकांची खुर्ची मिळाली आणि ताईला दुपारची. साहेबांनी कागद स्वतः टाइप केला. चौकशीच्या फोनवर आता तो ध्वनिमुद्रित आवाज असतो. तो उन्हाची बाजू सांगत नाही, पण त्याला इलाज नाही.

ताईचा हात सावरला, पूर्णपणे नाही, पण वेणी आता ती स्वतः घालते. स्पेसबार पुढारी तो पुढारीच राहिला. दोन्ही हात मोकळे असूनही ती डाव्यानेच काम करते आणि उजव्यात चहाचा कप धरते. दुसऱ्या आगारातून कुणी शिकायला आलं, तर ती आपली सेटिंगची फाइल त्यांना देत नाही. "माझी घेऊ नका," म्हणते. "दिवसभर काय काय करता ते आधी कुणाला तरी मोठ्याने बोलायला लावा. मग आपली अक्षरं आपण निवडा." लोकांना तो कंजूषपणा वाटतो. मी बाजूला बसून बघितलंय, एकेका माणसाबरोबर ती किती वेळ बसते ते.

परवा पाळी बदलताना ती काकांची सेटिंगची फाइल उघडून बघत होती, आणि एका ओळीपाशी थांबली.

"काका, ही ओळ माझी नाही."

"माझी आहे," काका म्हणाले. जरा ऐटीतच.

ओळ अशी होती:

nnoremap <leader>x :echo strftime("%H:%M")<CR>

"भिंतीवरचं घड्याळ उजवीकडे आहे," काका म्हणाले. "मान तिकडे वळवली की मला गरगरतं. म्हणून ह्याला विचारलं," त्यांनी माझ्याकडे हात केला, "वेळ दाखवायला काय लिहितात ते. यानं मदतीच्या पानातून काढून दिलं. बाकी मी लिहिलं. आता स्पेस आणि x. खाली वेळ येते."

ताईने दाबून बघितलं. पडद्याच्या तळाशी वेळ उमटली. तिने पुन्हा दाबलं. मग आपली फाइल उघडली, आणि ती ओळ अक्षर अक्षर बघत तिच्यात उतरवून घेतली.